रिपोर्ट पॉझिटिव्ह, अंगात काहीच नाही: ‘लक्षणं नाहीत’ याचा नेमका अर्थ

गणेशोत्सवात किंवा एखाद्या जयंतीला गावात रक्तदान शिबिर होतं. दोन-चार दिवसांनी ब्लड बँकेतून एका दात्याला फोन येतो: ‘एकदा येऊन भेटून जा.’ फोनवर कारण सांगत नाहीत. गेल्यावर कळतं की रक्तात हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आला, पिशवी बाद केली, आता पुढच्या तपासण्या करायच्या. अमळनेर-पारोळ्याकडचा माणूस यावर पहिलं उत्तर देतो ते असं: ‘माले ते काहीच व्हत नही, मी चांगला शे.’ आणि तो खरंच बोलत असतो. भूक चांगली, झोप चांगली, शेतात दिवसभर काम होतं. डोळे पिवळे नाहीत, लघवी पिवळी नाही. मग केसपेपरवर डॉक्टर ‘असिम्प्टोमॅटिक’ लिहितात आणि घरी येऊन त्याचा अर्थ लावला जातो: आजार नाही.

या अर्थानेच सगळा घोटाळा होतो. लक्षणं नाहीत हे विधान माणसाला काय जाणवतं त्याबद्दल आहे. यकृताची अवस्था त्यातून कळत नाही, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होईल की नाही हेही कळत नाही. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. पॉझिटिव्ह येऊनही ठणठणीत असणं अनेक रोगांत घडतं, पण हिपॅटायटिस बीइतकं ते वर्षानुवर्षं क्वचितच टिकतं, म्हणून तोच धरून बोलू.

आधी चाचणीने काय पाहिलं ते समजून घ्यावं. भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी तपासणी सक्तीची आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग म्हणून ओळखला जाणारा सिफिलिस आणि मलेरिया. यातली हिपॅटायटिस बीची चाचणी म्हणजे एचबीएसएजी. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन ती शोधते. हा विषाणू यकृताच्या पेशीत वाढताना गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवरण तयार करतो आणि रिकामी आवरणं रक्तात सोडून देतो. शेंगा फोडल्यावर खळ्यात दाण्यांपेक्षा टरफलांचाच ढीग मोठा दिसावा तसा हा प्रकार आहे. त्यामुळे चाचणीला सापडायला ते सोपं. पण ढीग पाहून दाणे किती होते ते सांगता येत नाही, तसंच एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात विषाणू किती, यकृताला इजा किती, यातलं काहीच ठरत नाही. विषाणू अंगात आहे एवढंच ठरतं.

तेही पहिल्या फटक्यात पक्कं ठरत नाही. ब्लड बँकेची चाचणी मुद्दाम जास्त संवेदनशील ठेवलेली असते, कारण एकही बाधित पिशवी सुटून चालत नाही. त्याची किंमत अशी की काही निरोगी दातेही पॉझिटिव्ह दिसतात. गणित करून पाहा. समजा 1000 दात्यांत 10 जण खरोखर बाधित आहेत आणि चाचणी 200 निरोगी माणसांमागे एकाला चुकून पॉझिटिव्ह म्हणते. तर 990 निरोगी दात्यांपैकी जवळपास 5 जणांना विनाकारण फोन जाईल, म्हणजे बोलावलेल्या 15 जणांत 5 खोटे. म्हणून ताजं रक्त घेऊन, शक्यतो वेगळ्या पद्धतीने, चाचणी पुन्हा करायची. आणखी एक गोष्ट आठवून सांगायची: गेल्या तीन आठवड्यांत हिपॅटायटिस बीची लस घेतली होती का? लशीत हेच आवरणाचं प्रथिन असतं, त्यामुळे लस घेतल्यावर थोडे दिवस चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली की मग खरा प्रश्न उरतो. विषाणू आहे, तर जाणवत का नाही?

कारण हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी मारत नाही. तो पेशीत बसून आपल्या नकला काढत राहतो. पेशींचा नाश होतो तो आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात, बाधित पेशी ओळखून ती मारते तेव्हा. हल्ला जोरात झाला तर कावीळ, मळमळ, ताप, थकवा दिसतो. हल्लाच झाला नाही, किंवा मंद चालू राहिला, तर वर काहीच येत नाही. त्यात यकृताच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा जवळजवळ नाहीत, आणि यकृताची शिल्लक ताकद इतकी मोठी की बराच भाग खराब होईपर्यंत बाकीचा भाग काम उरकून नेतो. म्हणून ‘दुखत नाही’ ही यकृताच्या बाबतीत फार कमी माहिती आहे.

हल्ला होणार की नाही हे मोठ्या प्रमाणात लागण कोणत्या वयात झाली यावर अवलंबून असतं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्क्यांच्या अंगात विषाणू कायमचा राहतो, कारण कोवळी प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखतच नाही. मोठेपणी लागण झालेल्यांत हेच प्रमाण 5 टक्क्यांहून कमी असतं. प्रौढाचं शरीर बहुधा भांडतं, आजारी पडतं आणि विषाणू बाहेर काढतं. म्हणजे गंमत अशी की ज्याला मोठी कावीळ होऊन गेली तो अनेकदा सुटतो, आणि ज्याला कधी काहीच झालं नाही त्याच्या अंगात तो तीस-तीस वर्षं राहतो. गावाकडे या आजाराला पांढरी कावीळ म्हणतात. डोळे पिवळे होण्याची वाट पाहत बसलो तर तो ओळखताच येणार नाही.

इथे एक पोटभेद लक्षात ठेवायला हवा. आज काही जाणवत नाही, पण लागण नुकतीच झाली असेल आणि आजार अजून यायचा असेल, असंही होतं. हिपॅटायटिस बीत लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते सहा महिने जाऊ शकतात, आणि एचबीएसएजी लक्षणांच्या आधीच पॉझिटिव्ह येते. ताजी लागण की जुनी हे ओळखायला अँटी-एचबीसी आयजीएम नावाची रक्तचाचणी मदत करते: ती जोरात पॉझिटिव्ह असेल तर लागण बहुधा नवी. आणि सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करायची. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर विषाणूने मुक्काम केला, म्हणजे जुनाट संसर्ग, असं धरतात. मात्र या सहा महिन्यांत हातावर हात ठेवून बसायचं नाही. पुढच्या बाकीच्या तपासण्या लगेच सुरू करायच्या.

दोन भाऊ, दोघंही ठणठणीत

समजा शिबिरात पॉझिटिव्ह आलेला हा माणूस 34 वर्षांचा, घरातला धाकटा भाऊ आहे. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या भाषेत सिव्हिलला, त्याची पुढची तपासणी होते. घरच्यांनाही तपासा असं सांगितल्यावर 41 वर्षांचा थोरला भाऊ कुरकुरत येतो. त्यालाही काही होत नसतं. त्याचाही एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघतो. दोन भावंडं पॉझिटिव्ह निघाली की जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली असावी हा पहिला अंदाज.

धाकट्याचे आकडे असे आले: एसजीपीटी 27, एसजीओटी 25, प्लेटलेट 2 लाख 20 हजार. विषाणू जोरात वाढत असल्याची खूण असणारं एचबीईएजी निगेटिव्ह. विषाणूची मोजणी करणारी एचबीव्ही डीएनए चाचणी दर मिलिलिटरला 640 आययू. यकृत किती कडक झालं हे मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनमध्ये 5.1.

थोरल्याचे असे: एसजीपीटी 58, एसजीओटी 50, प्लेटलेट 1 लाख 50 हजार. त्याचंही एचबीईएजी निगेटिव्ह. डीएनए 48,000. फायब्रोस्कॅन 9.2.

आता हे वाचायचं कसं? एसजीपीटी हे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारं द्रव्य, एसजीओटीही तशाच जातीचं. लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल 40 पर्यंत’ किंवा त्याहून जास्त छापलेलं असतं, पण हिपॅटायटिस बी तपासताना जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी 30 आणि बायकांसाठी 19 हीच वरची मर्यादा धरते. त्यामुळे 36 आकडा असलेल्या बाईला कागद ‘नॉर्मल’ म्हणेल, तज्ज्ञ म्हणणार नाही. धाकट्याचं 27 खरोखर मर्यादेत आहे. त्याच्या रक्तात विषाणूही 2000च्या आत आहे आणि यकृत मऊ आहे. याला पूर्वी ‘निष्क्रिय वाहक’ म्हणत. विषाणू आहे, पण आत्ता नासधूस नाही. त्याला गोळी लागत नाही.

थोरल्याच्या यकृतात मात्र मंद आग चालू आहे. पेशी फुटत आहेत, विषाणू 2000च्या कितीतरी वर आहे. प्लेटलेट खालच्या सीमेवर आहेत हीही खूण आहे: यकृतात व्रण वाढले की त्यातून जाणारं रक्त अडतं, पाणथरी फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. फायब्रोस्कॅनमध्ये 7 च्या वर गेलं की लक्षणीय व्रण धरतात, 12.5 च्या वर गेलं की सिरोसिसची शक्यता.

फायब्रोस्कॅनचं मशीन सगळीकडे नसतं. तिथे एक साधा हिशेब चालतो, त्याला एपीआरआय म्हणतात. एसजीओटीला त्या लॅबच्या वरच्या मर्यादेने भागायचं, मग प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने भागायचं आणि 100 ने गुणायचं. मर्यादा 40 धरली तर थोरल्याचं 50 भागिले 40 म्हणजे 1.25, ते भागिले 150, गुणिले 100, उत्तर 0.83. धाकट्याचं याच रीतीने 0.28 येतं. 0.5 च्या वर गेलेल्या माणसाला औषधाचा विचार करायचा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2024 चं मार्गदर्शन आहे. या हिशेबाला मर्यादाही आहेत. डेंग्यूत प्लेटलेट पडले असतील किंवा आदल्या आठवड्यात दारूने एसजीओटी चढलं असेल तर उत्तर फुगतं. म्हणून तो तब्येत स्थिर असताना काढायचा.

थोरल्याला टेनोफोविर 300 मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू होते, आधी क्रिएटिनिन पाहून, कारण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. गोळी विषाणूची वाढ दाबते, पण पेशीच्या केंद्रकात बसलेला त्याचा साचा काढून टाकत नाही. म्हणून ती बरीच वर्षं, बहुतेकांना कायमची घ्यावी लागते. इथे सगळ्यात मोठी चूक अशी होते: सहा महिन्यांनी डीएनए ‘सापडला नाही’ असा रिपोर्ट येतो, माणूस तर आधीपासूनच ठणठणीत, मग कापूस वेचणीच्या गर्दीत गोळ्या संपतात आणि परत आणल्या जात नाहीत. दाब निघाला की विषाणू उसळतो, प्रतिकारशक्ती एकदम तुटून पडते, आणि ज्याला कधी कावीळ झाली नव्हती त्याला जीवघेणी कावीळ होऊ शकते. गोळी थांबवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीतच.

दोन्ही भावांच्या केसपेपरवर ‘लक्षणं नाहीत’ हेच लिहिलेलं होतं, हे इथे विसरू नये. त्या ओळीने दोघांत काहीच फरक दाखवला नाही.

दुसऱ्याला लागतं का?

लागतं. धाकट्यापासून कमी, थोरल्यापासून जास्त, पण दोघांपासूनही. मात्र कशातून लागतं आणि कशातून नाही हे नीट माहीत असेल तर घरात ताटं वेगळी करण्याचा मूर्खपणा टळतो. एका ताटात जेवणं, एका घागरीतलं पाणी, शिंक, मिठी, मुलाला मांडीवर घेणं, यातून हा रोग पसरत नाही. बाधित आई बाळाला अंगावर पाजू शकते. पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. शिवाय हा विषाणू अंगाबाहेर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळं हवं. सलूनमध्ये ब्लेड आपल्यासमोर नवं लावून घ्यावं. जत्रेत एकाच सुईने ओळीने गोंदून घेणं आणि एका सुईने दोघांना इंजेक्शन, हे दोन्ही खरे धोके आहेत. रक्त सांडलं तर पाण्याने नुसतं पुसायचं नाही, घरातल्या ब्लीचचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून त्याने पुसायचं. आणि रक्तदान दोघांनीही यापुढे करायचं नाही, डीएनए सापडत नसला तरीही.

घरातल्या प्रत्येकाची तपासणी करायची: आई, भावंडं, बायको, मुलं. नुसती एचबीएसएजी न करता अँटी-एचबीएस आणि विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला का ते दाखवणारी अँटी-एचबीसीही सांगतात, म्हणजे कोण बाधित, कोण सुरक्षित आणि कुणाला लस हवी हे एकदम कळतं. इथे रिपोर्ट वाचताना नेहमी गफलत होते. अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह ही चांगली बातमी आहे. ती संरक्षक प्रतिद्रव्यं आहेत. 10 किंवा त्याहून जास्त आकडा म्हणजे माणूस सुरक्षित. ज्याला संरक्षण नाही त्याला लशीचे तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. नवरा-बायकोच्या बाबतीत शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजून खात्री करावी आणि तोवर निरोध वापरावा.

थोरल्याच्या बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर लशीवर भागतं. पण एखाद्या घरात गरोदर बाईच पॉझिटिव्ह असेल तर वेळेचं गणित कडक आहे. डीएनए दोन लाखांच्या वर असेल तर 28व्या आठवड्यापासून तिला टेनोफोविर देतात. बाळाला जन्मल्यावर 24 तासांच्या आत लस, आणि तयार प्रतिद्रव्यांचं एचबीआयजी हे इंजेक्शन शक्यतो 12 तासांच्या आत, दुसऱ्या मांडीत. नंतर 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लशीतून पुढचे डोस मिळतातच. गाडी अडते ती सगळीकडे एकाच ठिकाणी: बाळंतपण माहेरी होतं आणि रिपोर्ट सासरी कपाटात राहतो. सातव्या-आठव्या महिन्यातच माहेरच्या दवाखान्यात रिपोर्ट दाखवून लस आणि एचबीआयजी तिथे मिळेल का हे विचारून ठेवावं.

ठणठणीत यकृताला धक्का कशाने बसतो

धाकट्यासारख्या माणसाचं अनेकदा आयुष्यभर काही बिघडत नाही. बिघडतं तेव्हा तीन-चार ठरावीक कारणं असतात. पहिलं, स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या, कॅन्सरची केमोथेरपी, संधिवाताची काही महागडी इंजेक्शनं यांनी शांत विषाणू जागा होतो. त्याआधी डॉक्टरांना एचबीएसएजीबद्दल सांगितलं तर ते टेनोफोविर किंवा एन्टेकाविरचं कवच आधीच देतात. दुसरं, दारू, इथे ‘थोडी चालते’ असा आकडा देण्यात अर्थ नाही. तिसरं, कावीळ उतरवणाऱ्याकडची पुडी. त्यात काय असतं कुणाला माहीत नसतं, काही वनस्पती आणि भस्मं यकृतालाच इजा करतात, आणि मुळात उतरवायला कावीळ नसतेच.

चौथं कारण आपल्या भागाचं आहे. भुईमूग आणि मका भिजले, ओलसर साठवले की त्यावर एक बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते एकट्यानेही यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढवतं, पण हिपॅटायटिस बी अंगात असेल तर धोका कितीतरी पटीने वाढतो. भाजून किंवा तळून हे विष जात नाही. खान्देशात भाजीला, चटणीला दाण्याचा कूट हात सोडून पडतो. तेव्हा पॉझिटिव्ह माणसाच्या घरात शेंगदाणे निवडून घ्यावेत: सुरकुतलेले, काळपट, हिरवट झाक आलेले, चवीला कडू दाणे फेकायचे, ‘कुटात खपून जातील’ म्हणून ठेवायचे नाहीत. साठवण्याआधी शेंगा कडक वाळवायच्या.

राहिली ती ठरावीक मुदतीची तपासणी. धाकट्याने पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी एसजीपीटी करून घ्यायची, कारण एकदा मर्यादेत आलेला आकडा पुढच्या वेळी चढलेला असू शकतो. तो स्थिर राहिला तर पुढे सहा महिन्यांनी, आणि डीएनए वर्षातून एकदा. थोरल्याला याशिवाय दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी लागते. यकृतातली गाठ 2 सेंटिमीटरच्या आत सापडली तर ती काढता किंवा जाळता येते; पोटात दुखायला लागल्यावर सापडलेली गाठ बहुधा त्या पलीकडे गेलेली असते. आपल्याकडच्या पॉझिटिव्ह पुरुषांना 40 नंतर आणि बायकांना 50 नंतर, गोळी चालू असो वा नसो, ही सोनोग्राफी सांगतात. घरात कुणाला यकृताचा कॅन्सर झाला असेल तर त्याआधीपासूनच.

खर्चाच्या भीतीने अनेक जण पहिल्या रिपोर्टवरच थांबतात. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या आणि टेनोफोविर, एन्टेकाविर ही औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन ‘हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे’ एवढंच विचारायचं. ब्लड बँकेचा कागद, आधार कार्ड आणि पूर्वी कधी कावीळ, रक्त चढवणं किंवा ऑपरेशन झालं असेल तर त्याची तारीख सोबत न्यायची.